शिक्षेच्या दिवसांचा हिशेब : संचित रजा, अभिवचन रजा आणि माफी

एखादा प्रसिद्ध कैदी कारागृहाच्या दरवाजाबाहेर पडला, की वृत्तपत्रांत "सुटका" हा एकच शब्द सर्रास छापला जातो. आणि तो शब्द वाचणारा सामान्य नागरिक, विशेषतः ज्याच्या घरातील एखादा मनुष्य शिक्षा भोगत आहे किंवा ज्याच्या घरावर कोणा गुन्हेगाराने घाला घातलेला आहे असा नागरिक, साहजिकच असे समजतो की न्यायालयाने दिलेली शिक्षा सरकारने आपल्या मर्जीने कमी केली. वस्तुतः कैदी मुदतीपूर्वी बाहेर दिसण्याचे जे तीन नित्याचे मार्ग आहेत, म्हणजे अभिवचन रजा, संचित रजा आणि माफी, ज्यांना व्यवहारात पॅरोल, फर्लो आणि रेमिशन म्हणतात, त्यांपैकी पहिल्या दोहोंत शिक्षा तसूभरही कमी होत नाही, आणि तिसऱ्यात ती कमी होते तीही ठरावीक नियमांनी. दरवाजा एकच असला, तरी त्यातून बाहेर पडणारा मनुष्य कोणत्या हुकमाने बाहेर पडला, त्या हुकमासाठी त्याला काय सिद्ध करावे लागले, आणि बाहेर काढलेले दिवस त्याच्या शिक्षेच्या हिशेबात कोणत्या बाजूला मांडले गेले, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मार्गात निराळी आहेत. या लेखात ती उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील नियमांच्या आधारे पाहावयाची आहेत. कारण कारागृह हा आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय असून प्रत्येक राज्याची नियमावली स्वतंत्र आहे.

प्रथम एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. हे तिन्ही मार्ग सिद्धदोष बंद्यांसाठी, म्हणजे ज्यांचा खटला संपून ज्यांना शिक्षा झाली आहे अशांसाठी आहेत. ज्याचा खटला अद्याप चालू आहे त्या न्यायाधीन बंद्याला संचित रजाही नाही आणि माफीही नाही. त्याचा मार्ग जामिनाचा, आणि तो न्यायालयाच्या अखत्यारीतला. शिक्षा ठोठावणे हे न्यायालयाचे काम आणि ती अमलात आणणे हे शासनाचे काम, अशी जी विभागणी आपल्या कायद्यात आहे, तिच्या दुसऱ्या बाजूला हे तिन्ही मार्ग येतात. त्यांचा मूळ आधार म्हणजे १८९४ चा कारागृह अधिनियम. त्याच्या ५९व्या कलमाने राज्याला नियम करण्याचा अधिकार दिला, आणि त्या अधिकारातून जुन्या मुंबई राज्याने १९५९ साली संचित व अभिवचन रजेचे नियम केले. राज्याचे विभाजन झाल्यावर हेच नियम महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांकडे वारसाहक्काने आले, म्हणून गुजरातेतील एखाद्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांचा लावलेला अर्थ आपल्याकडील वकीलही आधारास घेतात.

या तिहींत संचित रजा ही समजण्यास सर्वांत सोपी आणि तरीही सर्वांत गैरसमजाची. दीर्घ मुदतीची शिक्षा भोगणारा मनुष्य वर्षानुवर्षे त्याच त्या भिंतींच्या आत राहिला, तर त्याचे घर, त्याची शेतीवाडी, त्याची मुले आणि त्याचा गाव यांच्याशी असलेले नाते तुटते, आणि शिक्षा संपून तो बाहेर येतो तेव्हा समाजात त्याला जागाच उरलेली नसते. ही तूट टाळावी आणि बंदिवासाच्या एकसुरीपणाला अधूनमधून खंड पडावा, एवढाच या रजेचा हेतू आहे. म्हणून ती मागताना कारण सांगावे लागत नाही. बहिणीचे लग्न नको, आईचे आजारपण नको. ठरावीक काळ प्रत्यक्ष कारावास भोगला आणि वर्तणूक चांगली ठेवली, की कैदी तिला पात्र होतो.

हा ठरावीक काळ शिक्षेच्या लांबीवर अवलंबून असतो. १९५९ च्या मूळ नियमांतील तिसऱ्या नियमाप्रमाणे, एक वर्षाहून अधिक पण पाच वर्षांपर्यंत शिक्षा झालेल्या कैद्याला प्रत्यक्ष भोगलेल्या प्रत्येक वर्षामागे दोन आठवड्यांची रजा मिळू शके. पाच वर्षांहून अधिक शिक्षा असेल तर दर दोन वर्षांच्या प्रत्यक्ष कारावासामागे दोन आठवडे. मात्र जन्मठेपेखेरीज अन्य दीर्घ शिक्षा झालेल्या कैद्याला अखेरच्या पाच वर्षांत, आणि जन्मठेपेच्या कैद्याला सात वर्षांचा प्रत्यक्ष कारावास पुरा झाल्यावर, ही रजा दरवर्षी मिळण्याची सोय नियमात होती. महाराष्ट्राने पुढे, विशेषतः २०१६ आणि २०१८ साली, या नियमांत मोठे फेरफार केले, त्यांत रजेची मुदतही बदलली. म्हणून अर्ज करणाऱ्याने आपल्या अर्जाच्या दिवशी अमलात असलेला पाठ पाहिला पाहिजे. परंतु मांडणीचे तत्त्व कायम आहे: जितकी शिक्षा मोठी तितकी पहिली रजा उशिरा, आणि मोजणी माफीचे दिवस धरून नव्हे तर प्रत्यक्ष तुरुंगात काढलेल्या दिवसांवर.

पात्रता आली म्हणजे रजा मिळालीच असे मात्र होत नाही. अर्ज कारागृह अधीक्षकामार्फत जातो. अधीक्षक कैद्याच्या वर्तणुकीबद्दल अभिप्राय देतो. कैदी जेथे राहणार त्या ठिकाणच्या पोलिसांकडून तहकीकात होऊन अहवाल येतो. आणि कारागृह उपमहानिरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी हुकूम करतो. कैद्याला आपल्या घरी ठेवून घेण्यास तयार असलेल्या नातलगाने हमी द्यावी लागते, स्वतः कैद्याने मुचलका लिहून द्यावा लागतो, आणि बहुधा रजेच्या काळात स्थानिक पोलीस ठाण्यावर हजेरीची अट असते. चौथ्या नियमात रजा कोणाला नाकारावी याची यादी आहे: सराईत गुन्हेगार, दरोडा व जबरी चोरी यांच्याशी संबंधित ठरावीक कलमांखाली शिक्षा झालेले, ज्यांच्या सुटकेने सार्वजनिक शांततेस धोका पोहोचेल म्हणून बृहन्मुंबईत पोलीस आयुक्ताने व अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्याने शिफारस केली नाही असे, तुरुंगातील वर्तणूक समाधानकारक नसलेले, आणि पूर्वी पळून गेलेले, पळण्याचा प्रयत्न केलेले किंवा रजेवरून वेळेवर न परतलेले. पुढील दुरुस्त्यांनी ही यादी बरीच वाढली आहे.

या यादीच्या शेजारीच सतरावा नियम उभा आहे, आणि तो असे सांगतो की या नियमांतील कोणत्याही गोष्टीने कैद्याला संचित रजेवर सुटण्याचा कायदेशीर हक्क प्राप्त होतो असे समजू नये. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गुजरात शासन विरुद्ध नारायण साई या प्रकरणात याच नियमांचा विचार करून निर्णय दिला की संचित रजेसाठी कारण दाखवावे लागत नसले, तरी ती निरपवाद हक्काची बाब नाही, आणि सार्वजनिक हिताशी तिचा तोल पाहून काही वर्गांतील कैद्यांना ती नाकारता येते. याचा अर्थ असा मात्र नव्हे की अधिकाऱ्याने मनास येईल ते लिहावे. हक्क नसला तरी अर्जाचा न्याय्य विचार व्हावा ही अपेक्षा कैद्याला आहेच. म्हणून "पोलीस अहवाल प्रतिकूल" एवढ्याच तीन शब्दांवर रजा नाकारली गेली असेल, त्या अहवालात कोणत्या साक्षीदाराला कोणते भय आहे, पूर्वी केव्हा काय घडले, याचा काहीच तपशील नसेल, तर तो हुकूम उच्च न्यायालयात टिकणे कठीण जाते. नकाराचा हुकूम हाती आला की नातलगांनी पाहावयाची पहिली गोष्ट हीच: नकार नियमातील वर्गवारीवर आधारलेला आहे, की केवळ एका अंदाजावर? पहिल्या प्रकारच्या नकाराविरुद्ध फारसे काही करता येत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नकाराविरुद्ध पुष्कळ करता येते.

अभिवचन रजेचे स्वरूप याच्या अगदी उलट आहे. येथे काळ गौण आणि कारण मुख्य. मूळ एकोणिसाव्या नियमाप्रमाणे कुटुंबातील व्यक्तीचा किंवा निकटच्या आप्ताचा गंभीर आजार अथवा मृत्यू, पत्नीचे बाळंतपण, किंवा अन्य पुरेसे कारण असेल तर सक्षम अधिकारी एका वेळी तीस दिवसांपर्यंत कैद्याला सोडू शके. आणि असा अधिकार दीर्घ काळ महसूल खात्यातील विभागीय आयुक्ताकडे होता, कारागृह खात्याकडे नव्हे, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या नव्या दुरुस्त्यांनी या रजेचे दोन भाग केले. एक तातडीची अभिवचन रजा: आईवडील, पती किंवा पत्नी, मूल, भाऊबहीण अशा जवळच्या माणसाचा मृत्यू, किंवा मुलाचे, मुलीचे, भावंडाचे लग्न, अशा प्रसंगी थोड्या दिवसांसाठी आणि त्वरित निर्णयाने द्यावयाची. दुसरी नियमित अभिवचन रजा: गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, घर कोसळणे, पूर, आग, भूकंप अशा आपत्ती, यांसाठी, आणि ही दुसरी रजा सामान्यतः संचित रजेस पात्र असलेल्या कैद्यालाच मिळते.

म्हणून अभिवचन रजेच्या अर्जाचा प्राण त्याला जोडलेल्या कागदांत असतो. आईच्या आजाराचा अर्ज असेल तर नुसता "आई आजारी आहे" हा मजकूर उपयोगाचा नाही. कोणता आजार, कोणत्या रुग्णालयात उपचार, शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिची तारीख, आणि तिची शुश्रूषा करण्यास घरात दुसरे कोणी आहे की नाही, हे दाखल्यांसह आले पाहिजे, कारण पोलीस तहकीकातीत हाच शेवटचा प्रश्न हटकून विचारला जातो. अनेक अर्ज नामंजूर होतात ते आजार खोटा म्हणून नव्हे, तर घरी दोन भाऊ आहेत, त्यांनी काळजी घ्यावी, या शेऱ्याने. आणि अनेक अर्ज निरर्थक ठरतात ते निर्णय होईपर्यंत शस्त्रक्रियेचा दिवस उलटून गेल्यामुळे. या दिरंगाईवर उपाय म्हणूनच तातडीच्या रजेचा वेगळा विभाग करावा लागला.

करोनाच्या साथीने या रजेला एक अपूर्व वळण दिले. तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने ८ मे २०२० रोजी नियमांत भर घालून तातडीच्या अभिवचन रजेची एक विशेष तरतूद केली: ज्यांची कमाल शिक्षा सात वर्षे किंवा त्याहून कमी होती त्यांना पंचेचाळीस दिवसांसाठी सोडता येई; ज्यांची शिक्षा त्याहून मोठी होती त्यांना, मागील दोन वेळच्या रजांवरून ते वेळेवर परतले असतील तर. साथ टिकेल तोवर ही मुदत तीस तीस दिवसांनी वाढविण्याची सोय होती. येथे कारण कैद्याच्या घरातले नव्हते, सर्व राज्याचे होते. तरी रचना अभिवचन रजेचीच राहिली, कारण सुटकेचा पाया काळ नसून प्रसंग होता.

आता हिशेबाचा मुद्दा. १९५९ च्या नियमांप्रमाणे संचित रजेवर काढलेले दिवस, कैद्याने अटी पाळल्या असतील तर, शिक्षेच्या हिशेबात त्याच्या बाजूने जमा होतात. अभिवचन रजेचे दिवस शिक्षेचा भाग म्हणून धरले जात नाहीत. पहिल्या रजेत घड्याळ चालू राहते, दुसऱ्या रजेत ते थांबते आणि कैदी परतला की पुन्हा सुरू होते. हा फरक किती दूरवर पोहोचतो हे गोव्यातील एका प्रकरणात दिसले. गोव्याच्या २००६ च्या कारागृह नियमांखाली मुदतपूर्व सुटका मागणाऱ्या जन्मठेपेच्या कैद्यांचे म्हणणे असे होते की चौदा वर्षांचा प्रत्यक्ष कारावास मोजताना आपण अभिवचन रजेवर काढलेला काळही धरावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते अमान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. त्यामागील युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे: हा काळ धरला, तर ज्याचे वजन आहे आणि ज्याला वारंवार रजा मिळविता येते, तो मनुष्य घरी राहूनच चौदा वर्षे पुरी करील, आणि प्रत्यक्ष कारावासाची अट अर्थहीन होईल.

हे सारे एका कल्पित उदाहरणाने मांडून पाहू. एका मनुष्याला गंभीर दुखापतीबद्दल चार वर्षे सक्तमजुरी झाली, आणि खटल्यादरम्यान तो सहा महिने न्यायाधीन बंदी होता. कायद्याने ते सहा महिने शिक्षेत वजा मिळतात; म्हणून पहिल्या वर्षाच्या १ जानेवारीस शिक्षा सुरू झाली असे धरले, तर बेचाळीस महिने उरतात आणि सुटकेची तारीख चौथ्या वर्षाच्या ३० जूनला येते. पहिले वर्ष पुरे झाल्यावर त्याने मूळ नियमाप्रमाणे दोन आठवड्यांची संचित रजा घेतली, पुढील वर्षानंतर पुन्हा एकदा घेतली, आणि दोन्ही वेळा ठरल्या दिवशी परतला: सुटकेची तारीख जागची हलत नाही. मध्यंतरी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी तीस दिवसांची अभिवचन रजा घेतली: तारीख तीस दिवसांनी पुढे सरकून ३० जुलै होते. आता केवळ हिशेबापुरते असे धरू की चांगल्या वर्तणुकीबद्दल आणि नेमून दिलेले काम पुरे केल्याबद्दल त्याला महिन्याला एकूण पाच दिवसांची माफी मिळते. चौथ्या वर्षाच्या जानेवारीअखेर सदतीस महिने होतात. रजेचा एक महिना वगळून छत्तीस महिन्यांचे एकशे ऐंशी दिवस होतात. ते ३० जुलैमधून वजा केले की सुटका ३१ जानेवारीस येते.

याच मनुष्याने दुसऱ्या संचित रजेवरून परतण्यास दहा दिवस उशीर केला असता, तर काय झाले असते? ते दहा दिवस शिक्षेत धरले गेले नसते. शिवाय कारागृहाच्या शिस्तीखाली माफी कापली गेली असती, आणि उशिराच्या एका दिवसामागे पाच दिवस अशी कपात धरली तर आणखी पन्नास दिवस गेले असते. दहा दिवसांच्या चुकीची किंमत दोन महिने, आणि सुटका एप्रिलच्या आरंभी. त्याहून मोठे नुकसान म्हणजे पुढील रजांची पात्रता जाते, हमी देणाऱ्या नातलगाची रक्कम धोक्यात येते, आणि कायदेशीर हवालतीतून पळाल्याचा स्वतंत्र गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून रजेच्या अखेरीस खरोखरच अडचण आली, तर मुदत संपण्यापूर्वी लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेणे, आणि निर्णय आला नाही तर ठरल्या दिवशी कारागृहात हजर होणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. मुदतवाढीचा अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली, या समजुतीने पुष्कळ साधे लोक फरारी ठरले आहेत.

उदाहरणात माफीचा प्रवेश झालाच आहे; आता तिचे स्वतंत्र स्वरूप पाहू. माफी म्हणजे बाहेर काढलेले दिवस नव्हेत; ती आत राहून मिळविलेली शिक्षेतील सूट आहे. महाराष्ट्रात तिचे नियम १९६२ चे आहेत. साधारण माफी दरमहा वर्तणूक आणि काम यांवर मिळते. वर्षभर एकही कारागृहीय अपराध घडला नाही तर वार्षिक माफी. रक्तदान, शिक्षण, अधिकाऱ्यांचा जीव वाचविणे अशा विशेष कारणांसाठी विशेष माफी. आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रसंगी शासन जाहीर करते ती राज्य माफी. प्रत्येक कैद्याच्या नावे या दिवसांची नोंद ठेवली जाते. ठरावीक वर्षांची शिक्षा असेल तर ही नोंद सुटकेची तारीख थेट अलीकडे आणते, आणि त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. केवळ नोंद बरोबर चढली आहे की नाही हे वेळोवेळी विचारून घ्यावे लागते.

जन्मठेपेच्या शिक्षेत मात्र हे गणित अडते, आणि ते कोठे अडते हे गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जानेवारी १९६१ च्या निर्णयाइतके स्पष्ट अन्यत्र कोठे दिसत नाही. गांधीहत्येच्या खटल्यात फेब्रुवारी १९४९ मध्ये गोडसे यांना जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे सप्टेंबर १९६० अखेरचा आपला हिशेब मांडला: साधारण माफी ८३६ दिवस, विशेष माफी २०६, शारीरिक शिक्षणाची ११३, साक्षरतेची १०८, वार्षिक सद्वर्तनाची २५०, आणि राज्य माफी १३८०, एकूण २८९३ दिवस. प्रत्यक्ष भोगलेल्या कारावासात हे मिळविले की वीस वर्षे पुरी होतात, आणि दंडसंहितेत जन्मठेप वीस वर्षांची धरली आहे, म्हणून आपल्याला सोडावे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने हिशेबाची बेरीज चुकीची ठरविली नाही; ज्या रकमेतून ती वजा करावयाची तीच अनिश्चित आहे असे सांगितले. जन्मठेप म्हणजे कैद्याच्या उर्वरित नैसर्गिक आयुष्याइतकी शिक्षा. वीस वर्षांचा आकडा हा शिक्षेचे अंश काढण्यासारख्या मर्यादित कामापुरता. आणि ज्या मुदतीचा शेवट ठाऊक नाही तिच्यातून दिवस वजा करता येत नाहीत. म्हणून फौजदारी संहितेखाली शासनाने उरलेल्या शिक्षेची माफी देणारा स्पष्ट हुकूम केल्यावाचून जन्मठेपेच्या कैद्याची सुटका होत नाही. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे" ही जी समजूत गावोगाव ऐकू येते, तिला या निर्णयानंतर कोणताही आधार उरला नाही.

मग चौदा वर्षांचा आकडा आला कोठून? १८ डिसेंबर १९७८ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम आले, आणि आज ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७५व्या कलमात आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या, किंवा फाशीचे रूपांतर होऊन जन्मठेप आलेल्या कैद्याला चौदा वर्षांचा कारावास प्रत्यक्ष भोगल्याखेरीज सोडू नये, असे ते सांगते. चौदा वर्षे ही सुटकेची तारीख नसून तिच्या अलीकडे न जाण्याची सीमा आहे, आणि त्या चौदात मिळविलेली माफी धरत नाहीत. सीमा ओलांडल्यावर शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे जावे लागते. महाराष्ट्राने ११ मे १९९२ आणि १५ मार्च २०१० अशा टप्प्यांनी ती केली असून, गुन्ह्याच्या स्वरूपावरून कैद्यांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाने माफीसह एकूण किती वर्षे पुरी करावयाची हे त्यांत ठरविले आहे. म्हणजे गोडसे यांनी मोजलेले दिवस जन्मठेपेतही अगदी वाया जात नाहीत. ते दार उघडत नाहीत, पण विचारासाठी पात्र होण्याची वेळ जवळ आणतात. शिक्षा झाली त्या वेळचे धोरण कैद्यास अधिक अनुकूल असेल तर त्याचा लाभ त्याला मिळावा, हाही न्यायालयांनी मान्य केलेला दंडक आहे.

या अंतिम विचारात शासन एकटे नसते. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशाचा कारणांसहित अभिप्राय मागविला जातो. गुन्हा एकट्या व्यक्तीपुरता होता की समाजावर आघात करणारा, तो पुन्हा घडण्याचा संभव किती, गुन्हा करण्याची शक्ती उरली आहे काय, कैद्याला आणखी आत ठेवून काही साधेल काय, आणि त्याच्या कुटुंबाची स्थिती कशी आहे, या गोष्टी पाहिल्या जातात. आणि विचार करणारे शासन तेच असावे लागते ज्याच्या हद्दीत शिक्षा झाली. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातेत घडला होता, परंतु खटला मुंबईस हलविला गेल्यामुळे शिक्षा २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने दिली. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरात शासनाने अकरा कैद्यांना माफी देऊन सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो हुकूम रद्द केला, कारण अधिकार महाराष्ट्र शासनाचा होता, आणि कैद्यांना दोन आठवड्यांत हजर होण्यास फर्माविले. अधिकार नसलेल्याने केलेली कृपा कायद्याच्या दृष्टीने शून्यवत असते, आणि तिच्यावर विसंबून बाहेर आलेल्याला परत जावे लागते.

उलट बाजूचा दोषही तितकाच खरा आहे. पात्र होऊनही ज्याच्यासाठी अर्ज लिहिणारे कोणी नाही असा कैदी वर्षानुवर्षे आत राहत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की जेथे मुदतपूर्व सुटकेचे धोरण आहे तेथे कैदी पात्र होताच शासनाने आपण होऊन त्याचा विचार करावा, त्याच्या अर्जाची वाट पाहू नये, आणि निर्णयास थोडक्यात का होईना कारणे द्यावीत. तेव्हा ज्याचा नातलग आत आहे त्याने कारागृहाच्या दफ्तरातून तीन आकडे लेखी मागून घ्यावेत: प्रत्यक्ष भोगलेले दिवस, जमा झालेली माफी, आणि अभिवचन रजेमुळे वगळलेले दिवस. संचित रजेची पात्रता पहिल्या आकड्यावरून ठरते, ठरावीक मुदतीच्या शिक्षेत सुटकेची तारीख तिन्ही मिळून ठरते, आणि जन्मठेपेत हेच तीन आकडे शासनाने त्याच्या प्रकरणाचा विचार करण्याची वेळ आली आहे की नाही एवढेच सांगतात. त्यापुढील निर्णय मात्र बेरीज-वजाबाकीचा नसून, शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचा अभिप्राय आणि गुन्ह्याने दुखावलेल्यांचे भय ही दोन्ही समोर ठेवून, अधिकार असलेल्या शासनाने कारणांसह द्यावयाचा असतो.